गुरुवार सहाची वेळ थांबवताना क्लायंटला काय लिहावं

प्रश्न: मी तीन वर्षं खासगी समुपदेशन करते. एक क्लायंट १४ महिने दर गुरुवारी संध्याकाळी सहाला येत होत्या. गेल्या ९ आठवड्यांत तीनच सेशन झाली, बाकी सहा वेळा त्यांनी रद्द केलं, बहुतेक त्याच दिवशी दुपारी. मला ती वेळ मोकळी करायची आहे आणि एक शेवटचं सेशन ठरवायचं आहे. हे लेखी कसं कळवू? हाकलून दिल्यासारखं वाटू नये, पण मोघमही राहू नये.

तुमच्या मनात दोन निर्णय एकमेकांत अडकले आहेत, आणि चिठ्ठी लिहिताना अडखळायला होतं ते त्यामुळेच. गुरुवारची ठरलेली वेळ थांबवणं हा एक निर्णय आहे. त्या बाईंसोबतचं काम संपवणं हा दुसरा. पहिला घेतला म्हणजे दुसरा आपोआप होतो असं नाही. ठरलेली वेळ काढून घेऊन, जेव्हा हवं तेव्हा वेळ मागून येण्याची मुभा ठेवता येते. महिन्यातून एकदा भेटायचं ठरवता येतं. किंवा काम इथेच थांबवून दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवता येतं. तुम्ही 'शेवटचं सेशन' म्हणताय म्हणजे बहुधा काम थांबवायचं मनात आहे, पण ते आधी स्वतःशी स्पष्ट करा. जे आपण ठरवलेलं नसतं ते चिठ्ठीत धूसर होऊन उतरतं, आणि वाचणारी व्यक्ती त्या धूसर जागेत स्वतःची सगळ्यात मोठी भीती भरते.

काय ठरवावं हे बरंचसं परिस्थितीवर आहे. अनुपस्थिती कधी सुरू झाली हे तुमच्या नोंदींत शोधा. त्या आधीच्या दोन-तीन सेशनमध्ये काय बोलणं झालं होतं? माझ्या अनुभवात नियमित येणारी व्यक्ती अचानक गळायला लागते तेव्हा तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. त्रास खरोखर कमी झालेला असतो आणि 'आता पुरे' हे तोंडावर सांगायचा संकोच वाटतो. किंवा एखादा नाजूक विषय निघालेला असतो आणि त्याच्या जवळ जायची धास्ती वाटते. किंवा आपल्याकडून काहीतरी लागलेलं असतं, एखादं वाक्य, एखादी विसरलेली गोष्ट. पहिल्या प्रकारात निरोप घेणं योग्यच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आपण चिठ्ठी पाठवून ते दार बंद करतोय का, हे पाहायला हवं. म्हणून पुढच्या गुरुवारी त्या येण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर हे समोरासमोर बोला आणि चिठ्ठी नंतर, बोललेल्याची नोंद म्हणून द्या. नुसती चिठ्ठी पाठवायची ती दोन-तीनदा संपर्क करूनही गाठ पडत नसेल तेव्हा.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडता येत नाही. शेवटच्या तीन सेशनच्या नोंदींत जगण्याचा कंटाळा, स्वतःला इजा करण्याचे विचार किंवा घरातली मारहाण यांचा उल्लेख असेल, तर चिठ्ठी बाजूला ठेवा आणि फोन करा. अशा काळात वेळ काढून घेतल्याची बातमी फोनच्या पडद्यावर एकटीनं वाचायला लागू नये. तुमच्या सुपरव्हायजरशीही त्याच दिवशी बोला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नीतिसंहितेत कलम १०.१० उपचार थांबवण्याबद्दल आहे. क्लायंटला गरज उरली नसेल, फायदा होण्याची शक्यता नसेल किंवा नुकसान होत असेल, हे पुरेसं स्पष्ट झालं की थांबवावं, असं ते सांगतं. थांबवण्याआधी त्याबद्दल बोलून घ्यावं आणि गरज असेल तिथे दुसरे पर्याय सुचवावेत, असंही सांगतं. क्लायंटच्याच वागण्यामुळे ते बोलणं अशक्य झालं तर तेवढी सूटही देतं. तुमची संघटना कुठलीही असो, हा क्रम मला व्यवहारात उपयोगी वाटतो, कारण 'शेवटचं सेशन' कशासाठी हे त्यातून कळतं. थांबण्याबद्दल बोलण्यासाठीची ती जागा आहे. मी एकदा हे विसरले होते. अशाच एका क्लायंटला मी लिहिलं की तुमच्या वेळेसाठी कुणीतरी थांबलंय, त्यामुळे ती मला द्यावी लागेल. शब्दन् शब्द खरा होता. पुढच्या सेशनला ते आले आणि म्हणाले, "म्हणजे आता माझ्याजागी दुसरं कुणी बसणार." लहानपणी धाकटा भाऊ झाल्यावर त्यांना आजोळी पाठवलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य लिहिलं होतं. तेव्हापासून रांगेत थांबलेल्यांचा उल्लेख मी कधीच करत नाही. तो माझ्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे, क्लायंटनं तो वाहायचं कारण नाही. कारण म्हणून मी फक्त तेच लिहिते जे आमच्या दोघांच्या कामाबद्दल आहे आणि खरं आहे.

आता प्रत्यक्ष चिठ्ठी. समजा, तुम्ही ती मंगळवारी ४ तारखेला पाठवताय. मी असं लिहीन:

"नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत आपली भेट थोडीच झाली. दर गुरुवारी संध्याकाळी सहाची ठरलेली वेळ सध्या तुमच्या सोयीची राहिलेली नाही असं मला वाटतं. म्हणून ही वेळ गुरुवार २० तारखेनंतर थांबवायचं मी ठरवलं आहे.

त्याआधी गुरुवार १३ आणि गुरुवार २० या दोन्ही दिवशी सहा वाजता वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. २० तारखेचं आपलं शेवटचं सेशन असेल, नेहमीसारखं ५० मिनिटांचं. आतापर्यंत जे झालं ते एकदा सोबत पाहावं, आणि थांबण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं तेही बोलावं, एवढ्यासाठी ही वेळ आहे. काही ठरवून किंवा तयारी करून यायची गरज नाही.

उत्तर पाठवलं नाहीत तरी दोन्ही गुरुवारी मी तिथे असेन. आला नाहीत तर त्या दोन दिवसांचं शुल्क घेणार नाही. दुसऱ्या कुणाकडे काम सुरू ठेवायचं असेल तर नावं सुचवायला मला आवडेल. हा निर्णय तुम्हाला पटत नसेल तर तेही मला ऐकायचं आहे."

यातलं प्रत्येक वाक्य का आहे ते सांगते, कारण शब्द तुम्ही तुमचे वापराल, कारणं मात्र लागतील.

'मी ठरवलं आहे' हे मुद्दाम आहे. आपण अशा वेळी 'आपण थांबूया का', 'मला वाटलं की कदाचित' असं लिहितो, कारण ते मऊ वाटतं. पण निर्णय झालेला असताना विचारल्यासारखं लिहिलं, की क्लायंट 'नको' म्हणते आणि आपण तरीही थांबवतो. मग तिला विचारून न विचारल्यासारखं होतं. ज्यांच्या आयुष्यात त्यांचं मत विचारून नंतर दुर्लक्षिलं गेलंय, त्यांना हे फार लागतं. निर्णय तुमचा असेल तर तो तुमचाच म्हणून लिहा, आणि मतभेदाला जागा वेगळ्या वाक्यात द्या. वर शेवटचं वाक्य त्यासाठीच आहे. निर्णय खरोखर झालेला नसेल, तर ही चिठ्ठी पाठवूच नका. 'एकदा भेटून पुढचं ठरवू' एवढंच लिहा.

दोन सेशन का दिली, एक का नाही? १४ महिने दर आठवड्याला भेटलेल्या माणसासाठी एकच सेशन कमी पडतं. पहिल्या भेटीत बहुतेकदा न आलेल्या आठवड्यांबद्दल बोलणं होतं: का आला नाहीत, रद्द करताना काय वाटायचं, माझा राग आला होता का. हे झाल्याशिवाय निरोप नीट घेता येत नाही. चार-पाच महिन्यांचं काम असतं तर मी एकच दिलं असतं. दोन वर्षांच्या वर असतं तर कदाचित चार. त्या १३ला आल्या नाहीत आणि फक्त २०ला आल्या तरी चालतं, फक्त तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं न आलेल्या काळासाठी जातील हे धरून चला.

वेळ तीच, गुरुवार सहा, जागा तीच. शेवटच्या सेशनसाठी 'मंगळवारी सकाळी जमेल का' असं लिहू नका, तुमची गुरुवारची वेळ आधीच दुसऱ्याला दिलेली असली तरी. किंबहुना २० तारखेपर्यंत ती कुणाला देऊच नका. स्वतःच्या वेळेत निरोप घेणं आणि उरलेल्या वेळेत निरोप घेणं यातला फरक क्लायंटला लगेच कळतो.

उत्तराची मुदत मी घालत नाही, यावर माझ्या काही सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. त्यांचं म्हणणं, सोमवारपर्यंत कळवा असं लिहिलं की आपल्याला नियोजन करता येतं. ते खरं आहे. पण ज्या व्यक्तीला टाळावंसं वाटतंय म्हणूनच ती येत नाहीये, तिच्यासाठी मुदत ही आणखी एक परीक्षा होते. मुदत उलटली की शरमेनं येणंही बंद. दोन संध्याकाळी मला रिकाम्या खोलीत बसावं लागलं तरी मला ते परवडतं. तुम्हाला परवडत नसेल तर मुदत घाला, पण ती उलटल्यावरही आलेल्या माणसाला परत पाठवू नका.

शुल्काचं वाक्य लोक विसरतात. सुरुवातीच्या करारात 'न कळवता चुकवलं तर शुल्क लागेल' असं असेल, तर या दोन दिवसांचं काय, हा प्रश्न क्लायंटच्या डोक्यात येतोच. घेणार असाल तर तसं लिहा, नसाल तर तसं. जुनी थकबाकी असेल तर तिचा उल्लेख या चिठ्ठीत अजिबात नको. ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या निरोपात.

चिठ्ठीत काय नाही तेही पाहा. त्यांचा त्रास, निदान, कुठले विषय अर्धे राहिले, तुम्हाला काय वाटतं त्यांच्या टाळण्याबद्दल, यातलं काही नाही. चिठ्ठी कुणीही वाचू शकतं. घरच्यांच्या हातात फोन असतो, आणि संदेशाच्या पहिल्या दोन ओळी बंद पडद्यावरही दिसतात. त्यामुळे पहिली ओळ अशी ठेवा की ती परक्यानं वाचली तरी बिघडू नये. वरच्या नमुन्यातली पहिली ओळ त्या कसोटीला उतरते, 'थांबवायचं ठरवलं आहे' हे खाली येतं. आणि अर्थ लावणं तर लेखी कधीच नको. 'तुम्ही जवळ येण्याला घाबरता म्हणून रद्द करता' हे कदाचित खरंही असेल, पण समोर बसून हळूच विचारता येणारी गोष्ट कागदावर आरोप होते.

पाठवायची वेळ: कामाच्या दिवशी, दुपारच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर उपलब्ध असाल तेव्हा. सुट्टीच्या आदल्या रात्री कधीच नको. लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्या. सहा वेळा आयत्या वेळी रद्द झाल्यावर राग येणं साहजिक आहे, मलाही येतो, आणि तो बहुधा एखाद्या अतिशय नम्र वाक्यात लपून बसलेला असतो. 'तुमच्या व्यग्र वेळापत्रकामुळे' असं काही लिहिलं असेल तर तोच राग आहे. ते खोडा.

आता चिठ्ठी गेल्यावर काय होतं ते पाहू.

सगळ्यात अवघड उत्तर असतं ते हे: "नाही, नाही, मी आता दर आठवड्याला नक्की येईन, वेळ काढू नका." मन लगेच विरघळतं. इथे मला फ्रॉइडचं एक निरीक्षण आठवतं. 'वुल्फ मॅन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचे उपचार अडकून पडले होते, तेव्हा त्यानं एक तारीख ठरवून दिली आणि १९१४ साली त्यानुसार ते थांबवले. पुढे १९३७ साली या पद्धतीबद्दल लिहिताना त्यानं बजावलं की एकदा ठरवलेली मुदत वाढवता येत नाही, वाढवली तर रुग्णाचा आपल्या शब्दावरचा विश्वास जातो. आणि त्याच लेखात त्यानं हेही मान्य केलं की तो रुग्ण महायुद्धानंतर परत आला होता आणि त्याला पुन्हा मदत लागली होती. मला हे दोन्ही एकत्र महत्त्वाचं वाटतं. तारीख पाळायची, आणि तरी परत येणं म्हणजे अपयश मानायचं नाही. म्हणून अशा उत्तराला मी लिहिते: "तुम्हाला हे सुरू ठेवावंसं वाटतंय हे कळवलंत, बरं झालं. १३ तारखेला या, त्याबद्दलच बोलू. २० तारीख मात्र तशीच आहे." समोर आल्यावर खरोखर नवी माहिती मिळाली, उदाहरणार्थ घरात कुणाचं आजारपण चालू होतं आणि ते सांगता आलं नव्हतं, तर मी २० तारखेला जुनी व्यवस्था संपवते आणि काही आठवड्यांनी नव्या वेळेवर, नव्या बोलीवर पुन्हा सुरू करण्याचा विचार करते. आश्वासनावर मात्र तारीख हलवत नाही.

रागाचं उत्तर आलं, "तुम्हाला मी नकोच होते," तर ते चांगलं लक्षण समजा. राग सांगण्याइतपत नातं शिल्लक आहे. लांब स्पष्टीकरण लिहू नका. "हे मला समोर ऐकायचं आहे, १३ला या" एवढंच.

शेवटच्या सेशनमध्ये मी सुरुवातीलाच वेळ सांगते: आज पावणेसात ते सहा पन्नासच्या दरम्यान आपण निरोपाकडे वळू. कारण उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर, सगळ्यात मोठी गोष्ट बाहेर येण्याची सवय अनेकांना असते, आणि शेवटच्या दिवशी तर ती ठरलेलीच. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी आयुष्यात पहिल्यांदा अत्याचाराबद्दल बोललं, तर तारीख पाळायची म्हणून त्यांना तसंच घरी पाठवू नका. सुरक्षिततेचं विचारून घ्या, त्या रात्री सोबत कोण आहे ते पाहा, आणि त्या एका गोष्टीसाठी पुढच्या दोन-तीन दिवसांत एक भेट ठरवा किंवा दुसऱ्या समुपदेशकाशी गाठ घालून द्या. दर गुरुवारची वेळ मात्र त्यामुळे परत सुरू होत नाही. बाकी वेळ मी तीन प्रश्नांपलीकडे जात नाही: इथे आल्यावर काय बदललं, काय राहिलं, आणि माझ्याकडून काय मिळालं नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना स्वतःचा बचाव करू नका. ती मिनिटं त्यांची आहेत.

आणि त्या दोन्ही गुरुवारी आल्याच नाहीत तर? हे बऱ्यापैकी घडतं. त्या दोन संध्याकाळी खरंच थांबा, पूर्ण ५० मिनिटं. मग २१ किंवा २४ तारखेला एक छोटा निरोप: "काल आपली भेट झाली नाही," किंवा "गुरुवारी आपली भेट झाली नाही. ठरल्याप्रमाणे दर गुरुवारची वेळ आता थांबली आहे. पुढे कधी बोलावंसं वाटलं तर याच क्रमांकावर संदेश पाठवा, त्या वेळी जी जागा असेल ती सांगेन." सोबत दुसऱ्या दोन समुपदेशकांची नावं आणि तातडीच्या मदतीचा क्रमांक. यानंतर तिसरा निरोप पाठवू नका, तो पाठलाग होतो. फाइलमध्ये संपर्काच्या सगळ्या तारखा, पाठवलेल्या दोन्ही चिठ्ठ्यांची प्रत आणि थांबवण्याचं कारण एका परिच्छेदात लिहून ती बंद करा, आणि २७ तारखेच्या गुरुवारी सहाला नव्या क्लायंटला वेळ द्या.